अँगल सरळ खाली का वाकत नाही? Ixy चं निगेटिव्ह चिन्ह आणि प्रिन्सिपल अ‍ॅक्सिस

प्रश्न: सर, १००×७५×१० च्या अनइक्वल अँगलचा Ixx, Iyy काढला, तो बरोबर आला. पण Ixy निगेटिव्ह येतोय, मग काहीतरी चुकलंय का? आणि tan2θ मधून जो कोन येतो तो कुठल्या बाजूला मोजायचा, मेजर कुठला मायनर कुठला, दर वेळी गोंधळ होतो. खरं सांगायचं तर साइटवर सगळे M/Zxx करून मोकळे होतात, मग हे सगळं करायचंच कशाला?

उत्तर:

निगेटिव्ह आलाय ते बरोबर आहे, उलट तुमच्या अँगलला तो निगेटिव्हच यायला हवा. म्हणजे अँगल इंग्रजी L सारखा उभा धरलाय असं मी धरतोय, १०० चा लेग उभा डावीकडे, ७५ चा लेग खाली आडवा उजवीकडे. Ixx आणि Iyy मध्ये अंतराचा वर्ग असतो म्हणून ते कधीच निगेटिव्ह होत नाहीत, पण Ixy मध्ये x गुणिले y आहे, वर्ग नाही, त्यामुळे माल सेंट्रॉइडच्या कुठल्या बाजूला पडलाय ते त्या चिन्हात लिहिलेलं असतं. L मध्ये बराचसा माल डावीकडे-वर आणि उजवीकडे-खाली आहे, दोन्हीकडे x आणि y ची चिन्हं विरुद्ध, मग गुणाकार निगेटिव्ह. तोच अँगल आरशात उलटा धरा, आकडा तोच येईल आणि चिन्ह पॉझिटिव्ह होईल. ते चिन्ह पुसून नुसता आकडा वापरलात तर पुढे अ‍ॅक्सिस चुकीच्या बाजूला कलते आणि जास्तीचा स्ट्रेस भलत्याच कोपऱ्यात दिसतो.

आता M/Zxx का चालत नाही ते आधी बघू, कारण ते कळलं की कोनाचा गोंधळ आपोआप सुटतो.

समजा अँगल बीम म्हणून टाकलाय आणि तो सरळ खालीच वाकतोय, बाजूला अजिबात नाही. M/Zxx मध्ये आपण न बोलता हेच धरलेलं असतं. मग स्ट्रेस फक्त y वर अवलंबून, वर कॉम्प्रेशन, खाली टेन्शन. इथपर्यंत ठीक. पण आता त्याच स्ट्रेसचा डावी-उजवीकडचा हिशोब लावा. उभ्या लेगचा वरचा भाग कॉम्प्रेशनमध्ये आणि तो डावीकडे आहे. आडवा लेग टेन्शनमध्ये आणि तो उजवीकडे आहे. म्हणजे डावीकडे दाब, उजवीकडे ताण, ही जोडी झाली, आडव्या दिशेतला मोमेंट झाला की नाही? तो तर आपण लावलेलाच नाही, लोड सगळा उभा आहे. मग कुणीतरी बाजूने धरून ठेवल्याशिवाय अँगल सरळ खाली वाकूच शकत नाही, तो बाजूला पळणारच. हा न मागितलेला आडवा मोमेंट किती, तर M गुणिले Ixy/Ixx. बस, Ixy चा एवढाच अर्थ आहे, एका दिशेचं वाकणं दुसऱ्या दिशेत किती गुंतलंय त्याचं माप. चॅनल किंवा आय सेक्शन सरळ उभा टाकला की सिमेट्रीमुळे हे शून्य होतं म्हणून तिथे आपल्याला कधी दिसतच नाही.

आता तुमचाच अँगल घेऊ. रूट रेडियस सोडून देतो, दोन आयत धरतो, ओरिजिन खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात, सगळं मिमी मध्ये. उभा आयत १०×१००, क्षेत्रफळ १०००, त्याचं केंद्र (५, ५०). आडवा आयत ६५×१०, क्षेत्रफळ ६५०, केंद्र (४२.५, ५). आडवा ७५ घेऊ नका, कोपऱ्यातला १०×१० चा तुकडा दोनदा मोजला जातो, ही चूक मी तपासलेल्या प्रत्येक बॅचमध्ये दोघं-तिघं करतातच. ताळा सोपा आहे, एकूण १६५० चौ. मिमी आलं तर वजन मीटरला १२.९५ किलो येतं आणि स्टील टेबलात या अँगलला १३ च्या आसपासच दिलेलं असतं. १७५० घेतलंत तर वजन १३.७ येईल आणि तिथेच कळेल.

```
x̄ = (1000×5 + 650×42.5)/1650 = 19.77
ȳ = (1000×50 + 650×5)/1650  = 32.27

Ixx = 163.6 cm⁴
Iyy = 79.1 cm⁴

Ixy = 1000×(-14.77)×(17.73) + 650×(22.73)×(-27.27)
    = -261900 - 402900 = -664800 mm⁴ = -66.5 cm⁴
```

प्रत्येक आयताचा स्वतःच्या केंद्राभोवतीचा Ixy शून्य असतो कारण आयत स्वतः सिमेट्रिक आहे, म्हणून इथे फक्त ट्रान्सफर टर्म येते. दोनच आयत असतील तर ताळ्यासाठी एक शॉर्टकट आहे, दोन्ही क्षेत्रफळांचा गुणाकार भागिले एकूण क्षेत्रफळ, गुणिले दोन केंद्रांमधलं आडवं अंतर, गुणिले उभं अंतर, दोन्ही चिन्हासकट. इथे ६५०००० भागिले १६५० म्हणजे ३९३.९, गुणिले ३७.५, गुणिले उणे ४५. तेच उणे ६६.५ सेमी⁴ येतं. यात सेंट्रॉइड काढायची गरजच नाही, त्यामुळे सेंट्रॉइड चुकलं असेल तर दोन उत्तरं जुळणार नाहीत आणि लगेच पकडलं जाईल.

आता कोन.

```
tan2θ = -2·Ixy/(Ixx - Iyy) = 133.0/84.5 = 1.573
2θ = 57.55°,  θ = 28.8°

Imax, Imin = 121.4 ± √(42.3² + 66.5²) = 121.4 ± 78.8
Imax = 200.2 cm⁴,  Imin = 42.6 cm⁴
```

कोन x अ‍ॅक्सिसपासून घड्याळाच्या उलट दिशेने पॉझिटिव्ह, म्हणजे x अ‍ॅक्सिस तेवढी फिरवली की U अ‍ॅक्सिस मिळते, V तिच्या काटकोनात. पण मी कधी सूत्रावर विसंबून मेजर-मायनर ठरवत नाही, कारण टॅन्जंट ९० अंशांच्या उड्या मारतं (2θ चं १८०) आणि कॅल्क्युलेटर त्यातलं एकच उत्तर देतो, तो कुठल्या अ‍ॅक्सिसचा कोन देतोय हे त्याला माहीतच नसतं. त्यापेक्षा चित्र काढा आणि दोन्ही लेगच्या टोकांना जोडणारी रेघ मारा. माल त्या रेघेच्या दिशेने पसरलेला आहे, मग त्या दिशेच्या जवळपास जाणारी जी अ‍ॅक्सिस तिला माल चिकटून आहे, म्हणजे तीच मायनर. इथे टोकं जोडणारी रेघ उभ्यापासून साधारण ३६ अंश डावीकडे कलते आणि V अ‍ॅक्सिस २८.८ अंश, तिकडेच. पटलं. तुमची मायनर अ‍ॅक्सिस याच्या उलट, उजवीकडे कललेली आली तर चिन्ह कुठेतरी खाल्लंय.

आकड्यांचा ताळा म्हणजे Imax आणि Imin ची बेरीज Ixx आणि Iyy च्या बेरजेइतकीच हवी, २४२.८ इथे आणि २४२.७ तिथे, एवढा फरक राउंडिंगमधला आहे. पण फक्त बेरजेवर खूश होऊ नका, Ixy चुकीचा असला तरी बेरीज जुळतेच, अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. खरा ताळा गुणाकाराचा, Imax गुणिले Imin बरोबर Ixx·Iyy वजा Ixy चा वर्ग. शिवाय स्टील टेबलात tan α दिलेला असतो, आपला tan 28.8° म्हणजे ०.५५, तोही जवळपास जुळला पाहिजे. टेबलात फिलेट धरलेली असते म्हणून तिसऱ्या आकड्यात फरक पडेल, त्याचं टेन्शन घेऊ नका.

आता साइटवरच्या M/Zxx कडे येऊ. ३ मीटरचा सिंपली सपोर्टेड स्पॅन, लोड मीटरला १.३३ किलोन्यूटन, म्हणजे मधला मोमेंट १.५ किलोन्यूटन मीटर. नेहमीच्या पद्धतीने वरच्या टोकाला ६२ न्यूटन प्रति चौ. मिमी कॉम्प्रेशन येतं आणि खालच्या बाजूला सगळीकडे सारखं २९.६ टेन्शन. बाजूने काहीच आधार नसेल तर खरं सूत्र असं (कॉम्प्रेशन पॉझिटिव्ह, x-y सेंट्रॉइडपासून):

```
σ = M·(Iyy·y - Ixy·x)/(Ixx·Iyy - Ixy²)
```

यात किमती टाकल्या की उभ्या लेगच्या वरच्या टोकाला, आतल्या बाजूला, ८२.८ कॉम्प्रेशन येतं. खालच्या कोपऱ्यात जिथे लेग भेटतात तिथे टेन्शन ६८, म्हणजे २९.६ च्या दुपटीहून जास्त. आणि खरी गंमत आडव्या लेगच्या उजव्या टोकाला आहे, तिथे M/Zxx वाला माणूस टेन्शन सांगतो आणि प्रत्यक्षात वरच्या कडेला ३३.६ कॉम्प्रेशन निघतं! नुसता आकडा नाही, चिन्हच उलटं. कारण न्यूट्रल अ‍ॅक्सिस आडवी राहतच नाही, ती उजवीकडे खाली ४० अंश कलते आणि आडव्या लेगला मध्येच कापून जाते. ती U अ‍ॅक्सिसही नाही आणि x अ‍ॅक्सिसही नाही, हे लक्षात ठेवा, बरेच जण न्यूट्रल अ‍ॅक्सिस म्हणजेच प्रिन्सिपल अ‍ॅक्सिस समजून बसतात. लोड बरोबर प्रिन्सिपल दिशेने असेल तरच ते खरं.

डिफ्लेक्शन तर अजून बोलकं आहे. Ixx ने काढलं तर मध्ये ४.३ मिमी. खरं उभं डिफ्लेक्शन ६.५ मिमी, आणि त्याच्याबरोबर बाजूला ५.५ मिमी. म्हणजे लोड पूर्ण उभा असून अँगल जवळजवळ जेवढा खाली जातो तेवढाच बाजूला जातो, गुणोत्तर Ixy/Iyy म्हणजे ०.८४. कुठल्या बाजूला? टोकं जोडणाऱ्या रेघेला काटकोनात ढिली बाजू असते, लोड त्याला तिकडे ढकलतो. तुमच्या L मध्ये खाली-डावीकडे, म्हणजे उभ्या लेगच्या पाठीकडे.

हे मी पुस्तकातून शिकलो पण पटलं साइटवर. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका शेडमध्ये केबल ट्रे टाकायला अँगल टाकले होते, आडवा लेग वर आणि उभा लेग खाली लोंबता. ट्रे आणि केबल चढल्यावर सुपरवायझरने दोरी लावून बघितलं तर सगळे अँगल मध्ये बाजूला फुगलेले, बहुतेक सगळे एकाच बाजूला, आडवा लेग ज्या दिशेला तोंड करून होता तिकडे. तो म्हणाला माल वाकडा आलाय, रोलिंगचा बाक आहे, गरम करून सरळ करून घेऊ. फिटर तर गॅस कटर घेऊन शिडीवर चढायच्याच बेतात होता. आमच्या सिनियरनी खालून एक नजर टाकली आणि विचारलं, तो तिसरा उलट्या बाजूला का फुगलाय? बघितलं तर तो एकच अँगल उलट्या तोंडाने वेल्ड झालेला. मग एका स्पॅनवरच्या केबल उचलून धरल्या आणि अँगल परत दोरीला लागला. रोलिंगचा बाक लोड काढल्यावर जात नाही, हा गेला. आता लक्षात घ्या, इथे कोपरा वर होता म्हणून Ixy चं चिन्ह तुमच्या L च्या उलट, आणि म्हणूनच तो पाठीकडे न जाता लेगच्या तोंडाकडे गेला. ज्या चिन्हाला तुम्ही चूक म्हणताय ते त्या दिवशी डोळ्यांनी दिसत होतं. (ट्रे आडव्या लेगवर बसलेला असल्यामुळे थोडा पीळही पडला होता, ते खाली सांगतो.) उपाय काय केला तर दोन-दोन अँगल मध्यावर आडव्या पट्टीने बांधले, एकमेकांकडे तोंड करून, म्हणजे दोघं एकमेकांना ढकलत बसतात आणि कुणीच कुठे जात नाही.

मग प्रश्न येतो की पत्र्याच्या शेडला इतकी वर्षं अँगलचेच पर्लिन टाकतोय, ते कसे टिकले? पत्रा त्यांना बाजूला जाऊ देत नाही म्हणून. हुकबोल्टने घट्ट बांधलेला पत्रा स्वतःच्या पातळीत चांगला ताठ असतो, तो आडवं धरून ठेवतो आणि मग M/Zxx बऱ्यापैकी खरं ठरतं. पण धरून ठेवणं फुकट नसतं, त्याला Ixy/Ixx म्हणजे इथे ०.४१ पट आडवा लोड घ्यावा लागतो, आपल्या उदाहरणात मीटरला ०.५४ किलोन्यूटन. तो पत्र्यातून, हुकबोल्टमधून किंवा सॅगरॉडमधून कुठेतरी जायलाच हवा. १९८४ च्या IS 800 मध्ये ३० अंशापर्यंतच्या उताराला अँगल पर्लिनसाठी एक अनुभवाचा नियम होता, खोली स्पॅनच्या १/४५ आणि रुंदी १/६०, मोमेंट wL²/10. साडेचार मीटर स्पॅनला बरोबर १०० आणि ७५ येतं, म्हणून हा अँगल इतक्या जुन्या शेडमध्ये दिसतो. पण हा नियम पत्रा लागलेल्या पर्लिनचा आहे. पत्रा चढायच्या आधी त्याच पर्लिनवर माणूस उभा राहिला किंवा पत्र्यांची थप्पी ठेवली तर तो मोकळा अँगल आहे, आणि तेव्हा तो बाजूलाच पळतो.

बीम सोडून स्ट्रट असेल, म्हणजे ब्रेसिंग किंवा ट्रसची मेंबर, तर तिथे गोष्ट जास्त धोक्याची कारण बाजूला पळणं म्हणजेच बकलिंग. मोकळा सिंगल अँगल x किंवा y भोवती बकल होत नाही, V भोवती होतो. इथे ryy २१.९ मिमी आहे आणि rvv फक्त १६.१. दोन मीटर लांबीला स्लेंडरनेस ९१ समजत होतात, तो १२४ निघाला. ऑयलरच्या हिशोबाने बकलिंग लोड Imin/Iyy इतक्या प्रमाणात कमी, म्हणजे ५४ टक्केच उरतो. गसेटला एकाच लेगने बोल्ट केलेला असेल तर लोड सेंट्रॉइडमधून जातही नाही, त्याचा हिशोब कोडमध्ये वेगळा दिलाय, तो इथे नको.

वरच्या सगळ्या बीमच्या आकड्यांना एक अट आहे. लोड शिअर सेंटरमधून जातोय असं धरलंय. अँगलचं शिअर सेंटर सेंट्रॉइडवर नसतं, ते दोन्ही लेगच्या मध्यरेषा जिथे भेटतात तिथे, म्हणजे कोपऱ्यातच असतं. तुम्ही लोड आडव्या लेगवर मध्ये ठेवलात तर वाकण्याबरोबर पीळही पडतो, आणि अँगल पिळाला फार कमकुवत, त्याचा J साधारण (१७५ − १०) गुणिले १० चा घन भागिले ३, म्हणजे ५.५ सेमी⁴ एवढाच. घरी बघायचं असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून अल्युमिनियमची पातळ अनइक्वल एल पट्टी मीटरभर आणा, एक टोक व्हाइसमध्ये पकडा आणि दुसऱ्या टोकाला वजन बरोबर कोपऱ्यातून दोऱ्याने लटकवा. पिळत नाही पण तिरकी जाते. मग तोच दोरा आडव्या लेगच्या टोकाकडे सरकवा, पट्टी फिरताना दिसेल. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली Ixy ची, दुसरी शिअर सेंटरची, लोक त्या एकच समजतात.

स्टॅडमध्ये करत असाल तर तिथे मेंबरच्या लोकल अ‍ॅक्सिस प्रिन्सिपल असतात, लेगला समांतर नाही, म्हणून काही न सांगता अँगल टाकला की तो मॉडेलमध्ये तिरका बसतो. लेग ग्लोबल अ‍ॅक्सिसला समांतर हवे असतील तर `BETA ANGLE` किंवा `BETA RANGLE` द्यावं लागतं, आणि दोन्हीत काय फरक पडतो ते थ्रीडी रेंडरिंगमध्ये बघूनच ठरवा, अंदाजाने नको. मी काय करतो, मोठं मॉडेल चालवायच्या आधी हाच ३ मीटरचा एक बीम, दोन्ही टोकं पिन (बाजूलाही पिन), फक्त टोकांना पीळ धरलेला, १.३३३ चा उभा लोड देऊन चालवतो. खाली साडेसहाच्या आसपास आणि बाजूला साडेपाचच्या आसपास आलं तर अँगल नीट बसलाय. बाजूला शून्य आलं तर तुम्ही प्रिन्सिपल अ‍ॅक्सिसवरच लोड टाकलाय, म्हणजे अँगल अजून तिरकाच आहे. आणि उभं ४.३ येऊन बाजूला शून्य असेल तर बाजूचा सपोर्ट कुठेतरी सगळीकडे चुकून लागलाय, त्या सपोर्टची रिअ‍ॅक्शन बघा, ०.५४ मीटरला सापडेल.